‘चौदाच का?’ : बहिःस्थ परीक्षकांचा प्रश्न आणि लहान नमुना

समाजशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या प्रबंधिकेची मौखिक परीक्षा असली, की बहिःस्थ परीक्षक आरंभीची पाने भराभर चाळतात, संशोधनपद्धतीच्या प्रकरणापाशी थांबतात आणि चष्म्यावरून पाहत विचारतात, “चौदाच मुलाखती? चौदा बायकांवरून तुम्ही काय सिद्ध करणार?” या प्रश्नाला विद्यार्थ्यांकडून बहुधा दोनच उत्तरे येतात. एक म्हणजे, “सर, वेळ कमी पडला.” दुसरे पाठ केलेले असते, “गुणात्मक संशोधनात नमुना लहानच असतो.” पहिल्या उत्तराने काम अपुरे आहे हे आपणच कबूल करतो. दुसऱ्या उत्तरात कारण असे काहीच नाही. लहान असतो म्हणजे किती लहान, आणि दहा का नाही किंवा वीस का नाहीत, हा परीक्षकांचा पुढचा प्रश्न त्यातच दडलेला आहे.

खरे पाहता हा एक प्रश्न नसून तीन-चार प्रश्न एकाच वाक्यात गुंडाळलेले असतात. ते सुटे करून प्रत्येकाचे उत्तर मुलाखती चालू असतानाच तयार करावे लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री ते तयार होत नाही. कसे ते एका उदाहरणावरून पाहू.

मुंबई-सुरत लोहमार्गावर नवसारी आणि उधना यांच्या दरम्यान सचिन हे स्थानक लागते. पूर्वी हे सिद्दी घराण्याच्या एका लहानशा संस्थानाचे नाव होते. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे. ताप्तीकाठच्या रेल्वेने धुळे, नंदुरबार, जळगाव भागांतून सुरतेकडे आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी कुटुंबे या पट्ट्यात पुष्कळ आहेत. पुरुष गिरणीत किंवा मागावर जातात; घरातील स्त्रिया साड्यांवर टिकल्या चिकटवणे, लेस लावणे, लोंबणारे धागे कापणे अशी कामे घरी आणून नगावर करतात. समजा, एका विद्यार्थिनीने प्रबंधिकेसाठी असा प्रश्न घेतला : घरबसल्या काम करणारी बाई आपल्या कामाचा दर ठरवताना कोणाशी आणि कशी बोलते, आणि दर परवडेनासा झाला तर काय करते? तिने चौदा स्त्रियांशी बोलून प्रबंधिका लिहिली. ही विद्यार्थिनी आणि तिच्या अभ्यासातले पुढील आकडे विवेचनासाठी कल्पिलेले आहेत. पण प्रश्न जे उभे राहतात ते अगदी खरे आहेत.

परीक्षक संख्याशास्त्राच्या वळणाचे असले तर त्यांच्या मनात एक आकडा घर करून बसलेला असतो : ३८४. क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकातला हा आकडा संशोधनपद्धतीच्या बहुतेक क्रमिक पुस्तकांत सापडतो. त्यामागचे गणित अवघड नाही. एखाद्या मोठ्या समूहातील किती टक्के लोक अमुक एका प्रकारचे आहेत हे पाच टक्क्यांच्या आसपासच्या चुकीने आणि पंचाण्णव टक्के भरवशाने सांगायचे असेल, तर सुमारे ३८४ माणसे यदृच्छेने निवडावी लागतात. या वाक्यातले दोन शब्द नीट पाहावेत, ‘टक्के’ आणि ‘यदृच्छेने’.

आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न ‘किती टक्के’ असा नाहीच. ‘कशी’ असा आहे. “किती टक्के बायका दराबद्दल भांडतात?” असे तिने विचारले असते तर चौदा मुलाखती खरोखरच हास्यास्पद ठरल्या असत्या, आणि परीक्षकांनी तिला परत पाठवले असते तर ते योग्यच झाले असते. ‘यदृच्छेने’ या शब्दातील अडचण याहून मोठी आहे. यदृच्छ निवडीसाठी आधी सगळ्यांची यादी हवी. घरी टिकल्या लावणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते. कारखान्याच्या दृष्टीने ती कामगार नाही. तिच्या शेजारणीलाही ती ‘घरीच असते’ असेच वाटते. यादीच नाही म्हटल्यावर गल्लीबोळांतून मिळतील त्या ३८४ बायका गाठल्या, तरी त्या कोष्टकाने दिलेला भरवसा त्यांना लागू होत नाही. म्हणून उत्तर असे द्यावे : “सर, तो आकडा प्रमाण मोजण्यासाठी आहे आणि त्याला यादी लागते. मी प्रमाण मोजलेले नाही. आणि यादी का मिळत नाही हे पृष्ठ अमुकवर लिहिले आहे.” येथे पृष्ठाचा क्रमांक सांगता येणे महत्त्वाचे. तोंडी दिलेले स्पष्टीकरण लिखाणात नसेल तर परीक्षक ते आत्ता सुचलेले समजतात.

पण याच ठिकाणी आपले विद्यार्थी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. प्रमाण मोजायचे नाही असे दुसऱ्या प्रकरणात लिहितात आणि चौथ्या प्रकरणात, “७८.५७ टक्के स्त्रियांनी दराबद्दल असमाधान व्यक्त केले,” असे छापतात. चौदापैकी अकरा म्हणजे ७८.५७ टक्के, हा भागाकार बरोबर आहे. परंतु चौदाच्या गटात एकेक बाई सात टक्क्यांहून अधिक वजनाची असते. एकीने मत बदलले की सारा आकडा सात टक्के सरकतो. अशा गटात दशांश चिन्हापुढचे दोन आकडे म्हणजे निव्वळ सोंग. परीक्षकांची नजर नेमकी तेथे जाते, आणि मग ३८४ चा प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क मिळतो. काही प्रबंधिकांत तर या टक्क्यांचे रंगीत आलेखही असतात. ते पाहून वाईट वाटते, कारण त्याच प्रबंधिकेतील मुलाखतींचे उतारे पुष्कळदा उत्तम असतात. लिहायचेच तर ‘चौदापैकी अकरा जणींनी’ असे लिहावे. आणि तेही तो प्रश्न चौदाही जणींना विचारला असेल तरच.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा अवघड प्रश्न हाच : “थांबावे हे तुम्हांला कसे कळले?”

याचे पुस्तकी उत्तर ‘संपृक्तता’. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली. नव्या मुलाखतींतून आपल्या विवेचनात भर घालणारे काही निघेनासे झाले की थांबावे, असा तिचा स्थूल अर्थ. पुढे २००६ साली गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी ही गोष्ट मोजून पाहिली. घाना आणि नायजेरिया या देशांतील साठ स्त्रियांच्या मुलाखती त्यांच्यापाशी होत्या. घानातील तीस मुलाखतींतून एकूण १०९ संकेत, म्हणजे मजकुराला दिलेली अर्थाची नावे, तयार झाले. त्यांतील ८० पहिल्या सहा मुलाखतींतच आले होते आणि बाराव्या मुलाखतीपर्यंत १०० झाले होते. तेव्हापासून ‘बारा’ हा आकडा विद्यार्थ्यांत मंत्रासारखा फिरतो आहे. “बारा पुरतात, मी चौदा घेतल्या,” असे उत्तर देणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

हे उत्तर देऊ नये. त्या अभ्यासातील स्त्रिया बऱ्याच एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या, विषय आटोपशीर होता आणि सर्वांना जवळजवळ तेच प्रश्न विचारले होते. म्हणून बारा पुरल्या, हे त्या लेखकांनीच सांगितले आहे. शिवाय २०१७ मध्ये हेनिंक, कैसर आणि मार्कोनी यांनी पंचवीस मुलाखतींच्या आधारे दाखवले, की कोणकोणते मुद्दे आहेत हे नऊ मुलाखतींत कळले, पण त्या मुद्द्यांचा अर्थ नीट उमगायला सोळा ते चोवीस मुलाखती लागल्या. मुद्द्याचे नाव ऐकणे आणि मुद्दा समजणे यांत एवढे अंतर असते. तेव्हा दुसऱ्याच्या अभ्यासातला आकडा उसना आणून भागत नाही. आपल्या अभ्यासात काय घडले ते आपल्यालाच दाखवावे लागते.

आपल्या विद्यार्थिनीने एक साधी वही ठेवली होती. प्रत्येक मुलाखतीनंतर त्याच दिवशी ती मजकूर वाचून काढी आणि पूर्वी न आलेली गोष्ट कोणती आली ते तारखेसह लिहून ठेवी. पहिल्या पाच मुलाखतींत अशा १९ गोष्टी निघाल्या. सहावी ते नववी या चारांत मिळून ६. दहावी आणि अकरावी कोरड्या गेल्या. वही पाहून कोणीही म्हणेल, झाले, संपृक्तता आली, थांबा.

येथेच तिने परीक्षकांच्या खुर्चीत बसून स्वतःला एक प्रश्न विचारला : या अकरा जणी मला भेटल्या कशा? वहीच्या मागच्या पानावर तिने नावांऐवजी क्रमांक मांडले आणि कोणी कोणाची ओळख करून दिली ते बाणांनी जोडले. अकरापैकी नऊ बाण फिरून एकाच ठिकाणी येत होते. वस्तीत काम वाटणारी जी बाई होती, तिनेच या नऊ जणींकडे तिला धाडले होते. आता काम वाटणारी बाई आपल्याशी बरे असणाऱ्यांकडेच पाहुण्याला पाठवणार. तिच्याशी दरावरून भांडून काम सोडलेली बाई त्या साखळीत कधीच येणार नाही. म्हणजे दहावी आणि अकरावी मुलाखत कोरडी गेली ती विषय संपल्यामुळे नव्हे, एका बाईची ओळख संपल्यामुळे. विहिरीचा एक झरा आटला म्हणून गावातले पाणी संपले असे कोणी म्हणत नाही.

अशी खोटी संपृक्तता ओळखण्याच्या काही खुणा आहेत. मुलाखती हळूहळू आखूड होत जातात. वेगवेगळ्या तोंडांतून तीच वाक्ये, कधी कधी त्याच शब्दांत, ऐकू येतात. आणि ज्या विषयात भांडण असायलाच हवे त्यात कोणीच भांडलेले नसते. पैशाच्या देण्याघेण्यात सगळेच गोड बोलू लागले, की संशोधकाने सावध व्हावे.

तिने पुढच्या तीन स्त्रिया मुद्दाम साखळीबाहेरच्या शोधल्या. बारावी काम सोडून दिलेली होती. तेरावी मध्यस्थ न ठेवता स्वतः सुरतेच्या कापडबाजारातून माल आणत होती. चौदावी गावाकडून नुकतीच आलेली, कामाला लागून काही महिनेच झालेली. बारावीने एकदम चार नव्या गोष्टी दिल्या. त्यांतली मुख्य अशी, की दर कधीच कमी होत नाही, कपात वाढते. साडीवर डिंकाचा डाग पडला, टिकली वाकडी बसली, की त्या नगाचे पैसे कापायचे, कधी साडीची किंमतच वळती करायची. आणि डाग पडला की नाही हे ठरवणार काम वाटणारी. कागदोपत्री दर तोच. हातात पडणारे पैसे कमी. तेरावीकडून दोन नव्या गोष्टी आल्या, चौदावीकडून एकही नाही.

मग तिने जे केले त्याला मी या अभ्यासातील सर्वांत चांगली गोष्ट म्हणेन. ती आधीच्या अकरांपैकी सात जणींकडे परत गेली आणि कपातीबद्दल विचारले. सातांपैकी सहांची कपात झालेली होती. पहिल्या भेटीत त्यांनी ती सांगितली नव्हती, कारण प्रश्न ‘दरा’बद्दल होता आणि त्यांच्या लेखी कपात म्हणजे दर नव्हे, ती आपली चूक! अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष असा आणखी बायका गाठून मिळाला नाही, त्याच बायकांकडे अधिक नेमका प्रश्न घेऊन गेल्याने मिळाला. आता “चौदाच का?” या प्रश्नाला तिचे उत्तर असे : “स्त्रिया चौदा, बैठका एकवीस. अकरानंतर थांबता आले असते. का थांबले नाही आणि चौदानंतर का थांबले ते वहीत तारखांसह आहे, वहीचा गोषवारा परिशिष्टात जोडला आहे.” असे उत्तर ऐकल्यावर परीक्षक बहुधा परिशिष्ट उघडतात, आणि आकड्यावरची चर्चा कपातीवर येते. यायला हवी तीही तेथेच.

एक व्यावहारिक गोष्ट ओघाने सांगतो. कित्येकांच्या आराखड्यात ‘तीस मुलाखती घेण्यात येतील’ असे लिहिलेले असते आणि प्रबंधिकेत चौदाच असतात. परीक्षकांच्या हाती दोन्ही कागद असू शकतात. हा फरक लपवू नये. संख्या कमी कधी केली, का केली आणि मार्गदर्शकांशी केव्हा बोलणे झाले, एवढे एका परिच्छेदात लिहिले की तो आक्षेप राहत नाही. यापुढे आराखडा लिहिणाऱ्यांनी एकच आकडा न देता ‘बारा ते वीस, अमुक कसोटीवर थांबू’ असे लिहावे. कसोटी आधी लिहिलेली असली म्हणजे ती सोयीने शोधून काढली असे कोणाला म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न : “तुमच्या नजरेतून काय सुटले असेल?” येथे थोडे गणित उपयोगी पडते. समजा, एखादा अनुभव दर पाच बायकांत एकीला येतो. यदृच्छेने चौदा जणी निवडल्या तर त्यांत अशी एकही नसण्याची शक्यता चार टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे फारशी नाही. पण तोच अनुभव दहांत एकीला येत असेल तर तो पूर्णपणे हुकण्याची शक्यता सुमारे तेवीस टक्के, जवळजवळ चारांत एक. आणि आपली निवड यदृच्छ नव्हतीच, तेव्हा हे आकडे तंतोतंत लागू नाहीत. साखळीतून आलेल्या नमुन्यात धोका याहून जास्तच. म्हणून उत्तर सरळ द्यावे : “वस्तीत सर्रास घडणाऱ्या गोष्टी मला दिसल्या असाव्यात, विरळा गोष्टींबद्दल मी बोलू शकत नाही. ओरिसाकडील कुटुंबांतल्या स्त्रियांशी मी बोलले नाही, तेव्हा त्यांच्याबद्दल माझा कोणताही दावा नाही.” मर्यादांचे प्रकरण अशा नेमक्या वाक्यांचे असावे. ‘वेळेची व पैशाची मर्यादा होती’ हे वाक्य सर्वच प्रबंधिकांत असते. त्यातून परीक्षकांना काहीच कळत नाही.

राहिला सामान्यीकरणाचा प्रश्न : “सचिनच्या एका वस्तीवरून तुम्ही सगळ्या सुरतेबद्दल बोलणार का?” याला आपल्या जवळचाच दाखला आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६२-६३ मध्ये दक्षिण गुजरातेतील अवघ्या दोन गावांत राहून अनाविल जमीनमालक आणि त्यांचे हळपती मजूर यांच्या संबंधांचा अभ्यास केला. ‘गंडेवीगाम’ आणि ‘चिखलीगाम’ अशी टोपणनावे त्यांनी त्या गावांना दिली. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा नमुना गावांच्या हिशेबाने दोनच आहे. पण सर्व गुजरात या दोन गावांसारखा आहे असे त्यातून ठरवायचे नव्हतेच. धनी आणि हाळी यांचा पिढीजात आश्रयाचा संबंध निव्वळ मजुरीच्या संबंधात कसा बदलतो, त्यात धन्याची कोणती बंधने सुटतात आणि मजुराचा कोणता आधार जातो, ही प्रक्रिया त्यांनी उलगडली. प्रक्रिया एकदा अशी नीट मांडली, की दुसरा संशोधक ती दुसऱ्या गावात पडताळून पाहू शकतो. आपल्या विद्यार्थिनीनेही असेच म्हणावे : दर न हलवता कपातीने मोबदला कमी करण्याची रीत मी दाखवली, ती उधन्यात किंवा लिंबायतमध्ये आहे का, हे तेथे जाऊन पाहावे लागेल.

कन्नड विभागातील मित्रांना येथे म्हैसूरजवळच्या रामपुराची आठवण होईल. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये त्या एका गावात मुक्काम केला, आणि पुढे १९७० साली स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत टिपणे जळाल्यावर मुख्यतः स्मरणाच्या बळावर १९७६ चा ग्रंथ लिहिला. गाव एकच. पण श्रीनिवासांचे किंवा ब्रेमन यांचे नाव ढालीसारखे पुढे करताना जपावे. परीक्षक लगेच विचारतात, “ते कित्येक महिने गावात राहिले होते. तुम्ही किती दिवस होता?” ब्रेमन तर त्या प्रदेशात पुढे कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा येत राहिले. संख्येने लहान असलेल्या अभ्यासाला वजन येते ते काळाने आणि परतीच्या भेटींनी. तीन रविवारी उरकलेल्या चौदा मुलाखतींना ही नावे वाचवू शकत नाहीत.

सर्वांत अडचणीचा प्रश्न पुष्कळदा शेवटी आणि हसत हसत येतो : “पंधरावी बाई काही निराळेच बोलली असती तर?” येथे “तसे झाले नसते” म्हणणे धोक्याचे. आपले प्रत्येक विधान कशावर उभे आहे हे ठाऊक असेल तर उत्तर सोपे आहे. “दर ठरवताना बाईला बोलण्याची संधीच नसते, असे मी तिसऱ्या प्रकरणात म्हटले आहे. पंधरावीने आपण बोलून दर वाढवून घेतल्याचे सांगितले असते, तर ते विधान मला मागे घ्यावे लागले असते, किंवा तिला ते का जमले हे शोधावे लागले असते. बाजारातून थेट माल आणणाऱ्या तेरावीमुळे त्याला एक मुरड मी आधीच घातली आहे. चौथ्या प्रकरणातील कपातीची रीत मात्र तशीच राहिली असती. कारण कपात होते एवढेच मी म्हटले आहे, सर्वांचीच होते असे नाही. आणि ती झाल्याचे सात स्त्रियांनी, काम सोडलेल्या एकीने व काम चालू असलेल्या सहा जणींनी, स्वतंत्रपणे सांगितले आहे.”